आठ गण, बारा लघू आणि जास्तीचा एक n

शाळेत वृत्ते शिकलेल्या माणसाच्या डोक्यातून 'यमाताराजभानसलगा' काही जात नाही. त्यातले कुठलेही एक अक्षर घ्यायचे, पुढची दोन त्याला जोडायची, की त्या अक्षराच्या नावाचा गण तयार होतो. य-मा-ता म्हणजे लघू, गुरू, गुरू. हा झाला य गण. न-स-ल म्हणजे तिन्ही लघू. हा न गण. असे एकूण आठ गण, कारण तीन जागा आहेत आणि प्रत्येक जागी लघू किंवा गुरू असे दोनच पर्याय आहेत.

आता या आठ गणांत मिळून लघू अक्षरे किती, ते मोजू. म गणात एकही नाही. य, र आणि त यांत एकेक. ज, भ आणि स यांत दोन-दोन. न गणात तीन. बेरीज होते १२. हाच हिशेब तीनऐवजी दोन अक्षरांच्या रचनांचा केला, तर रचना चार आणि त्यांतले लघूही चार. एकाच अक्षराच्या रचना दोन, लघू एक. चार अक्षरांच्या रचना सोळा, आणि त्या सगळ्या कागदावर मांडून मोजल्या तर लघू भरतात ३२. पाच अक्षरांना ८०.

१, ४, १२, ३२, ८०. या ओळीकडे जरा वेळ पाहिले की एक नाते दिसू लागते. आधीच्या संख्येची चौपट करायची आणि तिच्याही आधीच्या संख्येची चौपट त्यातून वजा करायची. चारची चौपट सोळा, त्यातून एकची चौपट गेली की बारा. बाराची चौपट अठ्ठेचाळीस, त्यातून सोळा गेले की बत्तीस. n अक्षरांच्या सर्व रचनांतल्या लघूंच्या संख्येला T(n) म्हटले, तर हे नाते असे लिहिता येते:

T(n) = 4T(n−1) − 4T(n−2)

गणितात याला पुनरावर्ती संबंध म्हणतात. पुढची संख्या मागच्या संख्यांवरून ठरते, मागच्या संख्यांना गुणणारे सहगुणक कधी बदलत नाहीत, आणि संख्यांचे वर्ग किंवा एकमेकींशी गुणाकार कुठेच येत नाहीत. अशा संबंधाला 'स्थिर सहगुणकांचा रेषीय संबंध' असे लांबलचक नाव आहे. अडचण एकच. भुजंगप्रयाताच्या ओळीत १२ अक्षरे असतात, शार्दूलविक्रीडितात १९. एकोणीस अक्षरांचे उत्तर हवे असेल, तर या नात्याने एकेक पायरी चढत जावे लागते. मधली एकही गाळता येत नाही. n सांगितला की थेट उत्तर देणारे सूत्र हवे असेल, तर त्यासाठी एक जुनी आणि भरवशाची रीत आहे. ती बहुतेक वेळा सरळ चालते. नेमकी या लघूंच्या ओळीपाशी ती अडते, आणि का अडते हे समजून घेण्याजोगे आहे.

आधी ती सरळ चालते तेव्हाचे पाहू. त्यासाठीही छंदःशास्त्राच्या बाहेर जायला नको.

अक्षरगणवृत्तात अक्षरे मोजतात, मात्रावृत्तात मात्रा. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग ठरावीक मात्रांची ओळ लघू-गुरूंच्या किती वेगवेगळ्या मांडण्यांनी भरता येईल? हा प्रश्न प्राकृत छंदांचा अभ्यास करणाऱ्या विरहांकाने हाताळला होता, आणि बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी 'छंदोनुशासन'मध्ये त्याचे उत्तर स्वच्छ मांडले. ओळीचे शेवटचे अक्षर लघू असेल तर त्याच्या आधी एक मात्रा कमी असलेली कुठलीही रचना चालेल; गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेली. म्हणून कुठल्याही मात्रासंख्येच्या रचना म्हणजे आधीच्या दोन मात्रासंख्यांच्या रचनांची बेरीज. एका मात्रेची एक रचना, दोन मात्रांच्या दोन, मग ३, ५, ८, १३, २१. युरोपात हीच ओळ पुढे फिबोनाचीच्या नावाने गाजली. सशांच्या जोड्यांचे उदाहरण असलेला त्याचा ग्रंथ १२०२ सालचा. हेमचंद्र त्याच्या सुमारे अर्धशतक आधीचे.

हिशेब सोपा व्हावा म्हणून ही ओळ मागे थोडी लांबवू: ०, १, १, २, ३, ५, ८… आणि पहिल्या शून्याला F(0) म्हणू. नाते तेच:

F(n) = F(n−1) + F(n−2)

आता सूत्र कसे शोधायचे? सुरुवात सर्वांत साध्या नात्यापासून करावी. प्रत्येक संख्या आधीच्या संख्येच्या तिप्पट असेल, तर उत्तर 3ⁿ च्या पटीत असणार, हे दहावीतला मुलगाही सांगेल. ही भूमिती श्रेढी झाली. मग मागच्या एका संख्येऐवजी दोन संख्यांवर अवलंबून असलेल्या ओळीतही भूमिती श्रेढी लपलेली असेल का, हे तपासून पाहायला काय हरकत आहे? म्हणून F(n) च्या जागी rⁿ घालून पाहायचे. r किती ते अजून माहीत नाही.

rⁿ = rⁿ⁻¹ + rⁿ⁻²

दोन्ही बाजूंना rⁿ⁻² ने भागले की n नाहीसा होतो आणि हातात उरते एक साधे वर्गसमीकरण:

r² = r + 1

यालाच लाक्षणिक समीकरण म्हणतात. अनंत संख्यांची ओळ पुढे कशी वागणार, ते या एका छोट्या समीकरणाच्या मुळांत साठवलेले असते. इथे मुळे दोन आहेत. एक सुमारे १.६१८, ज्याला सुवर्ण गुणोत्तर म्हणतात. त्याला φ म्हणू. दुसरे सुमारे −०.६१८, त्याला ψ म्हणू. म्हणजे १.६१८ च्या घातांची ओळ हे नाते पाळते आणि −०.६१८ च्या घातांची ओळही पाळते.

पण हेमचंद्रांची ओळ या दोन्हींपैकी एकही नाही. इथे रेषीयपणा कामाला येतो. नाते पाळणाऱ्या दोन ओळी घेऊन त्यांना हव्या त्या संख्यांनी गुणले आणि बेरीज केली, तरी नाते शाबूत राहते, कारण नात्यात बेरीज आणि ठरावीक संख्येने गुणणे याखेरीज काही नाहीच. म्हणून सर्वसाधारण उत्तर Aφⁿ + Bψⁿ. आता A आणि B ठरवायला ओळीच्या पहिल्या दोन संख्या पुरतात. F(0) शून्य आहे, म्हणून A आणि B यांची बेरीज शून्य. म्हणजे B हा A चाच उलट चिन्हाचा जोडीदार. F(1) एक आहे, म्हणून A ने φ आणि ψ यांच्यातल्या फरकाला गुणले की एक आले पाहिजे. तो फरक √5 आहे. उत्तर मिळाले:

F(n) = (φⁿ − ψⁿ) / √5

हे सूत्र बिनेच्या नावाने ओळखले जाते. त्याने ते १८४३ साली मांडले. अब्राहम द म्वाव्र याला ते शंभरहून अधिक वर्षे आधी, १७३० सालीच ठाऊक होते. पडताळा घेऊ. दहा मात्रांच्या रचना किती, हे F(11) सांगते. φ चा अकरावा घात सुमारे १९९.००५ येतो. त्याला √5 ने, म्हणजे २.२३६ ने भागले की ८८.९९८. उरलेला कण ψ भरून काढतो आणि उत्तर येते ८९. हाताने बेरजा करत गेले तरी ८९ च मिळतात. मराठी पादाकुलकाची ओळ १६ मात्रांची; फक्त मात्रांची बेरीज पाहिली, यतीचा विचार केला नाही, तर तिच्या रचना होतात १,५९७.

आता पुन्हा लघूंच्या ओळीकडे वळू. रीत तीच. T(n) च्या जागी rⁿ घातला की:

r² = 4r − 4
म्हणजेच (r − 2)² = 0

दहावीच्या भाषेत सांगायचे तर विवेचक शून्य, मुळे वास्तव आणि समान. दोन्ही मुळे दोनच. आणि इथे गाडी अडते. सवयीने A·2ⁿ + B·2ⁿ असे लिहिले, तर ते दिसायला दोन पदांचे असले तरी खरे एकच पद आहे, कारण A आणि B यांची बेरीज ही शेवटी एकच संख्या. तिला C म्हणा. ओळीची पहिली संख्या १ आहे, म्हणून C अर्धा असला पाहिजे. पण मग दुसरी संख्या दोन येते, आणि खरी आहे चार. दोन अटी पाळायच्या आहेत आणि हातात ठरवण्याजोगी संख्या एकच. परीक्षेत या जागी हमखास चूक होते. चूक झाल्याची खूण मात्र स्पष्ट असते: स्थिरांक काढायला बसले की दोन समीकरणे एकमेकांशी भांडू लागतात.

यावरचा उपाय पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतो. मूळ दोनदा आले असेल तर दुसऱ्या पदाला n ने गुणावे. उत्तराचा साचा असा होतो:

T(n) = (A + Bn)·2ⁿ

हा साचा चालतो का, ते आधी पाहू. फक्त n·2ⁿ घेऊन नात्याच्या उजव्या बाजूत घातले, तर 4(n−1)·2ⁿ⁻¹ मधून 4(n−2)·2ⁿ⁻² वजा करायचे. पहिले पद म्हणजे (2n−2)·2ⁿ आणि दुसरे म्हणजे (n−2)·2ⁿ. वजाबाकी बरोबर n·2ⁿ. नाते पाळले गेले. आता T(1) = 1 आणि T(2) = 4 या दोन संख्या घातल्या की A + B = ½ आणि A + 2B = 1 मिळते. दुसऱ्यातून पहिले वजा केले की B = ½, आणि A शून्य. म्हणून:

T(n) = n·2ⁿ⁻¹

तीन अक्षरांसाठी तीन चोक बारा. यमाताराजभानसलगामध्ये मोजलेले बारा लघू हेच. भुजंगप्रयाताच्या मापाच्या, म्हणजे १२ अक्षरांच्या सर्व रचनांत लघू २४,५७६. शार्दूलविक्रीडिताच्या १९ अक्षरांच्या सर्व रचनांत ४९,८०,७३६.

चौकस वाचक इथे म्हणेल की हे उत्तर एवढी खटपट न करताही मिळाले असते. n अक्षरांच्या रचना 2ⁿ, त्यांतली एकूण अक्षरे n·2ⁿ, आणि लघू-गुरू समसमान वाटलेले असल्यामुळे त्यांतली निम्मी लघू. अगदी बरोबर. म्हणूनच हे उदाहरण मोलाचे आहे: रीत खरे सांगते की नाही, हे दुसऱ्या वाटेने तपासता येते. पण 'n ने गुणावे' हे सांगून काम भागत नाही. तो n आला कुठून?

त्याचे उत्तर पिंगलाच्या परंपरेतल्या प्रस्तारात डोळ्यांना दिसते. प्रस्तार म्हणजे सर्व शक्य रचना ठरावीक क्रमाने एकाखाली एक लिहून काढणे. दोन अक्षरांचा प्रस्तार चार ओळींचा. त्यावरून तीन अक्षरांचा करायचा तर त्या चार ओळी दोनदा उतरवायच्या. पहिल्या प्रतीत प्रत्येक ओळीच्या शेवटी गुरू जोडायचा, दुसऱ्या प्रतीत लघू. आता लघूंचे काय झाले ते पाहा. जुने चार लघू दोन्ही प्रतींत आल्यामुळे आठ झाले. शिवाय दुसऱ्या प्रतीतल्या चार ओळींना एकेक नवा लघू मिळाला. आठ अधिक चार, बारा. अक्षरे कितीही असली तरी पायरी अशीच:

T(n) = 2T(n−1) + 2ⁿ⁻¹

म्हणजे दर पायरीला दोन गोष्टी घडतात. जुना साठा दुप्पट होतो आणि बाहेरून नवी भर पडते. ती भरही दर पायरीला दुप्पटच होत जाते. साठा आणि भर एकाच चालीने चालतात, आणि सगळे गुपित यातच आहे. एकूण लघूंना 2ⁿ ने, म्हणजे ओळींच्या संख्येने भागले, तर दर ओळीला सरासरी किती लघू येतात ते कळते. दुपटीचा परिणाम या भागाकारात विरून जातो आणि उरते एवढेच की दर पायरीला सरासरी अर्ध्याने वाढते. एका अक्षराला अर्धा, दोन अक्षरांना एक, तीनला दीड. n पायऱ्यांनंतर n/2. हाच तो n. प्रत्येक पायरीवर पडलेल्या सारख्या भरीची ती मोजदाद आहे.

भर दुसऱ्या चालीची असती तर असे झाले नसते. साठा दुप्पट होतोय, पण भर तिपटीने वाढतेय, असे समजा; दर पायरीला 3ⁿ⁻¹ ची भर पडते. शून्यापासून सुरुवात केली तर उत्तर 3ⁿ − 2ⁿ येते. त्यात n कुठेच नाही, कारण दोन वेगळ्या चाली दोन वेगळ्या मुळांत बसतात. दोन्ही चाली जुळल्या तरच n उगवतो. मूळ नात्यात जे (r − 2)² होते, त्यातला एक (r − 2) साठ्याचा आणि दुसरा भरीचा.

त्याच n पर्यंत आणखी एका वाटेने पोचता येते, आणि ती वाट हातात कॅल्क्युलेटर घेऊन चालण्याजोगी आहे. समान मुळे हा एक टोकाचा प्रसंग आहे. मग मुळे अगदी समान नसून अगदी थोडी वेगळी, समजा २ आणि २.०१, असती तर? तेव्हा रीत न अडता चालते. बेरीज ४.०१ आणि गुणाकार ४.०२ असल्यामुळे नाते होते a(n) = 4.01a(n−1) − 4.02a(n−2). सुरुवात ० आणि १ अशी केली, तर उत्तर येते:

a(n) = (2.01ⁿ − 2ⁿ) / 0.01

n ला एक, दोन, तीन, चार, पाच अशा किमती दिल्या की मिळतात १, ४.०१, १२.०६, ३२.२४, ८०.८०. लघूंच्या ओळीत होते १, ४, १२, ३२, ८०. मुळांतला फरक आणखी कमी करा, ०.००१ करा, की दोन्ही ओळी जवळजवळ एकमेकींवर बसतील. वर दोन जवळच्या घातांची वजाबाकी आणि खाली मुळांमधला फरक. हा फरक शून्याकडे नेला की वरचे सूत्र n·2ⁿ⁻¹ होते. ज्यांनी बारावीत विकलन शिकले आहे त्यांनी हा भागाकार ओळखला असेलच: xⁿ चे विकलन nxⁿ⁻¹, आणि x च्या जागी दोन. ज्यांनी शिकलेले नाही त्यांच्यासाठी वरची दहा संख्यांची तुलना पुरेशी बोलकी आहे.

दोन मुळे एकमेकांत मिसळून जातात तेव्हा व्यवहारात काय फरक पडतो, याचे उत्तम उदाहरण जुगाराच्या एका जुन्या प्रश्नात सापडते. ख्रिस्तियान ह्यूगेन्सच्या १६५७ सालच्या संभाव्यतेवरच्या पुस्तिकेत शेवटी जे प्रश्न वाचकांसाठी सोडले आहेत, त्यांतला शेवटचा या जातीचा आहे. आजच्या भाषेत तो असा सांगता येईल: एका माणसाकडे १० रुपये आहेत. दर डावाला तो एक रुपया लावतो. खिशात १०० रुपये झाले की उठायचे, किंवा खिसा रिकामा झाला की उठायचे. तो शंभर घेऊन उठण्याची शक्यता किती?

खिशात k रुपये असतानाची ही शक्यता P(k) मानू. डाव सरळ असेल, जिंकणे-हरणे सारखेच शक्य असेल, तर पुढच्या क्षणी खिशात k+1 किंवा k−1 रुपये असणार, दोन्ही अर्ध्या शक्यतेने. त्यावरून नाते P(k+1) = 2P(k) − P(k−1), आणि लाक्षणिक समीकरण (r − 1)² = 0. पुन्हा समान मुळे, या वेळी दोन्ही एक. एकचा कुठलाही घात एकच, म्हणून साचा उरतो A + Bk. एक सरळ रेषा. शून्य रुपयांना शक्यता शून्य आणि शंभर रुपयांना एक, या दोन अटींवरून P(k) = k/100. दहा रुपये असतील तर शक्यता दहा टक्के.

आता डाव किंचित तिरका करू. जिंकण्याची शक्यता ०.४९, हरण्याची ०.५१. बसल्या बसल्या कुणाच्या लक्षातही येणार नाही इतका हा फरक लहान. पण मुळे वेगळी होतात: एक १ आणि दुसरे ५१/४९, म्हणजे सुमारे १.०४१. सरळ रेषा जाते आणि तिच्या जागी घात येतात:

P(k) = (ρᵏ − 1) / (ρ¹⁰⁰ − 1), जिथे ρ = 51/49

ρ चा दहावा घात सुमारे १.४९ आणि शंभरावा सुमारे ५४.६. त्यामुळे शक्यता ०.४९ भागिले ५३.६, म्हणजे ०.९२ टक्के. दहाची एकाच्याही खाली आली. खिशात ५० रुपये घेऊन बसला असता तर सरळ डावात शक्यता निम्मी. या तिरक्या डावात सुमारे बारा टक्के. मुळांतला फरक शंभरात चारचा आहे, पण तो शंभर पायऱ्यांच्या घाताला चढतो. एखादा डाव अगदी थोडाच तिरका आहे, तेव्हा सरळ मानून हिशेब केला तर काय बिघडते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

सरळ डावातले नाते शाळकरी मुलांच्याही ओळखीचे आहे, फक्त वेगळ्या नावाने. ५, ८, ११, १४ अशी अंकगणिती श्रेढी घ्या. प्रत्येक पद म्हणजे आधीच्या पदाची दुप्पट वजा त्याच्याही आधीचे पद: अकराची दुप्पट बावीस, त्यातून आठ गेले की चौदा. अंकगणिती श्रेढी म्हणजे दोनदा आलेले मूळ १. आणि मूळ तीनदा आले तर साच्यात n² ही येतो. १, ४, ९, १६ या वर्गांच्या ओळीत तिप्पट नऊ, वजा तिप्पट चार, अधिक एक, असे केले की सोळा मिळतात; तिथले लाक्षणिक समीकरण आहे (r − 1)³ = 0. मूळ जितके वेळा येते तितकी पदे, आणि दर वेळी n चा एक घात वाढतो.

ही रीत कुठे वापरू नये, हेही सांगितले पाहिजे. सहगुणकात n शिरला की ती थांबते. १, २, ६, २४, १२० या ओळीत प्रत्येक संख्या आधीच्या संख्येला n ने गुणून मिळते. तिथे rⁿ घालून भागले तर r = n असे काहीतरी हाती लागते, आणि r ही तर ठरावीक संख्या असायला हवी होती. मागच्या संख्येचा वर्ग घेणाऱ्या नात्यातही ती चालत नाही, कारण तिथे दोन उत्तरांची बेरीज करून तिसरे उत्तर मिळत नाही. आणि रीत लागू असतानाही सगळ्यांत जास्त घात करते ती चिन्हाची चूक: पदे एका बाजूला नेताना वजाचे अधिक होते आणि मुळेच चुकतात. त्यावर सोपा पहारा आहे. स्थिरांक पहिल्या दोन संख्यांवरून काढलेले असतात, म्हणून त्या दोन तर जुळणारच. त्या पडताळून काही कळत नाही. सूत्रातून तिसरी आणि चौथी संख्या काढायची आणि नात्याने मिळालेल्या संख्यांशी ताडून पाहायची.

आता लघूंचा प्रश्न मात्रावृत्तालाच विचारून पाहू. ठरावीक मात्रांच्या सर्व रचनांत मिळून लघू किती? एका मात्रेला १. दोन मात्रांच्या रचना दोन, दोन लघू किंवा एक गुरू, लघू २. तीन मात्रांना ५, चारला १०, पाचला २०. इथेही प्रस्तारात तेच घडते. रचनांची संख्या सुवर्ण गुणोत्तराच्या चालीने वाढते आणि दर पायरीला लघूंची जी भर पडते तीही त्याच चालीने. म्हणून अपेक्षा अशी की हेमचंद्रांच्या नात्यातली दोन्ही मुळे इथे दोन-दोनदा यावीत, म्हणजे लाक्षणिक समीकरण (r² − r − 1)² = 0 असावे. कंस उलगडून नाते लिहिले की:

L(n) = 2L(n−1) + L(n−2) − 2L(n−3) − L(n−4)

पाच मात्रांसाठी वीस अधिक पाच, वजा चार, वजा एक: २०, जुळले. सहा मात्रांसाठी नाते सांगते चाळीस अधिक दहा, वजा दहा, वजा दोन, म्हणजे ३८. ते खरे का, हे कागदावर दोन मिनिटांत कळते. सहा मात्रांच्या रचना तेरा. सगळे लघू अशी एक रचना, तिचे लघू सहा. एक गुरू आणि चार लघू अशा पाच, त्यांचे लघू वीस. दोन गुरू आणि दोन लघू अशा सहा, त्यांचे बारा. तीन गुरूंची एक, तिच्यात लघू नाहीच. सहा, वीस आणि बारा: अडतीस.